रितिकाच्या कार्डावरची ओळ

मनकर्णा भोयर यांच्या वर्गात पाढे सरळ कोणी म्हणत नसे. त्या सतराच्या पाढ्यातलं शेवटचं घर विचारत आणि तिथून उलटं यायला लावत. नवीन आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात रडू येई. दुसऱ्या आठवड्यात तीच मुलं घरी जाऊन बापाला उलटा पाढा विचारत आणि बाप अडकला की खदाखदा हसत. कळमन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या मराठी शाळेत चौथीचा वर्ग भोयर मॅडमकडे इतकी वर्षं होता, की आता काही मुलांचे आईवडीलसुद्धा त्यांचे विद्यार्थी निघत.

पारशिवनी तालुक्यातल्या एका खेड्यात त्या वाढल्या. घरचा संत्र्याचा बगीचा होता. तोडणी झाली की संत्र्यांचे ढीग लागत, आणि कोणत्या ढिगात किती याचा अंदाज लहानगी मनकर्णा लांबूनच सांगे. मोजणारे मोजत बसत आणि शेवटी हिच्या आकड्याजवळ येऊन थांबत. गणित तिच्या डोक्यात तिथूनच शिरलं. डी.एड.ला गेली तेव्हाही गणिताच्या तासाला तिचा हात कायम वर असे. सुलेखनाच्या तासाला मात्र ती मागच्या बाकावर जाऊन बसे.

कारण मनकर्णाबाईंचं अक्षर वाईट होतं. फळ्यावर ठीक होतं. तिथं खडू मोठा, जागा मोठी आणि त्यांचा आवाजही मोठा, त्यामुळे निभून जाई. कागदावर पेन टेकलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलत. पूर्वी प्रगतिपत्रकावरच्या नोंदी त्या हातानं लिहीत तेव्हा एका पालकानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की मॅडम, तुमचा शेरा वाचायला आम्ही मेडिकलवाल्याकडे गेलो. मॅडम त्याच्यापेक्षा जोरात हसल्या होत्या. अक्षरापायी लाजणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या नोंदी मात्र प्रत्येक मुलाच्या वेगळ्या असत. कुणाच्या कार्डावर ‘वजाबाकीत उसनं घेतो पण परत करायला विसरतो’, कुणाच्या ‘कविता पाठ आहेत, पण उभी राहिली की विसरते, बसून म्हणू द्यावी’. पालक हसत आणि लक्षात ठेवत.

यंदा तिसरीच्या सुशील सरांनी शाळेसाठी एक्सेलची शीट करून दिली. सुशील सर वयानं लहान, हातात कायम मोबाईल, पण काम चोख. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे तीन रकाने असतात. शिक्षकांच्या ग्रुपवर अशा नोंदींच्या तयार याद्या फिरतच असतात. सरांनी त्यातली एक यादी शीटमध्ये बसवली. मुलाच्या नावापुढे क्लिक केलं की यादी उघडते, एक ओळ निवडायची, पुढच्या नावावर जायचं. शेवटी सगळी कार्डं छापून येतात, स्वच्छ, एकसारखी.

“मॅडम, आता तुमचं अक्षर कोणाले दिसणारच नाही,” सुशील सर म्हणाले होते.

“बरं केलं गा सुशील. मेडिकलवाल्याचा धंदा बुडवला तू,” मॅडम म्हणाल्या आणि एका दुपारात सगळा वर्ग उरकून चहा प्यायला गेल्या.

दिवाळीची सुट्टी संपली, पहिल्या सत्राची कार्डं घरोघरी गेली, पालकांच्या सह्या होऊन परतही आली. त्यानंतर आठवडाभरानं मॅडमना जाणवलं की वर्गातला एक आवाज बंद झाला आहे.

तो आवाज रितिका लांजेवारचा. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसणारी, दोन वेण्या, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर. तिला गप्प बसवण्यासाठी मॅडमना मुद्दाम सांगावं लागे, की रितिका, तू आता तोंडावर बोट ठेव, दुसऱ्याला येऊ दे. आता सांगायची गरजच उरली नव्हती. प्रश्न विचारला की ती खाली मान घालून वहीत काहीतरी रेखत बसे. मॅडमनी जवळ जाऊन पाहिलं. ती गणित सोडवत नव्हती, गणितातले आकडे काढत होती. ५ ची शेपटी एकदा काढली, खोडली, पुन्हा काढली. बाकीच्या मुलांची चार उदाहरणं झाली होती आणि हिच्या पहिल्याच उदाहरणात अजून गुणाकाराचं चिन्ह यायचं होतं.

घटक चाचणीत तिनं अर्धाच पेपर सोडवला. सोडवला तेवढा देखणा होता. शिवाय शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीचा जादा तास असे, त्यालाही ती थांबेनाशी झाली. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीला आल्यापासून हा तास मॅडमच घेत. परीक्षेचे अर्ज ऑनलाइन शाळाच भरायची, पण पालकांचं संमतिपत्र लागायचं. बाकी सगळ्यांची आली होती, रितिकाचं आलं नव्हतं, आणि मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. या शाळेतून गुणवत्ता यादीत जाईल असं कोणी असेल तर ती हीच, हे मॅडम कोणालाही बोलल्या नव्हत्या, पण त्यांच्या मनात ते पक्कं होतं.

त्यांनी रितिकालाच विचारलं. ती म्हणाली, पप्पांनी सांगितलं, आधी अक्षर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिची आई काजल फाटकाशी उभी होती. मॅडमनी तिला बाजूच्या बाकावर बसवून घेतलं. काजल संकोचानं पदर सारखा करत होती, आणि आधी म्हणाली की काही नाही मॅडम, घरचंच आहे. मॅडमनी दोनतीनदा विचारल्यावर मात्र सगळं बाहेर आलं. कार्ड आलं त्या संध्याकाळी शेजारच्या नत्थूजींनी नातवाचं, म्हणजे रजतचं कार्ड आणून दाखवलं. रजतही चौथीतच. दोन्ही कार्डं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून रितिकाच्या वडिलांनी वाचली.

“त्याईनं दोन्ही एका ओळीत ठेवून पाह्यले मॅडम,” काजल म्हणाली. “गणिताचं चांगलं लिहिलं थे दोघाईच्याबी कार्डावर सारखंच. शब्दाले शब्द. अन् अक्षराचं फक्त आमच्याच पोरीच्या. थे म्हणाले, चांगलं तं मॅडम सगळ्याईलेच लिहितात, मन राखाले. खरं काय थे हे आहे.”

काजलनं पुढं सांगितलं, की तेव्हापासून जादा तास बंद, घरी आल्यावर रोज शुद्धलेखन, आणि गणिताच्या वहीतही आकडे सुबक आले नाहीत तर पान पुन्हा. पोरगी ऐकते, तोंडातून अवाक्षर काढत नाही. पण आता भाजीवाल्याचा हिशोबही सांगत नाही. आधी पिशवीत भाजी पडायच्या आत सांगायची.

“त्याईले एकदा बोलवा तुम्ही,” काजल उठताना म्हणाली. “माझं नाही ऐकत. तुमचं ऐकतील. तुमचा लय मान आहे त्याईले.”

काजल गेल्यावर मॅडमनी कार्यालयातल्या कपाटातून चौथीचा गठ्ठा काढला आणि दोन्ही कार्डं समोर ठेवली. अगदी ओट्यावर ठेवली असतील तशीच.

रजत: गणिती क्रिया अचूक करतो. सुधारणा आवश्यक: अवांतर वाचन करावे.

रितिका: गणिती क्रिया अचूक करते. सुधारणा आवश्यक: हस्ताक्षर सुधारणे आवश्यक.

श्रेणी पाहिली. गणितात रजतला अ-१, रितिकाला अ-२. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. बापानं चुकीचं काहीच वाचलं नव्हतं. समोर होतं त्यातून कोणताही विचारी माणूस हेच काढेल. रजत शांत मुलगा, शिकवलं तसं करतो, रेघ मारून, पायरी पायरीनं. त्याच्या बाबतीत ‘अचूक’ हा शब्द शंभर टक्के खरा होता. रितिकाच्या बाबतीत मात्र तो चक्क खोटा होता. ती अचूक नव्हतीच. ती पुढची होती. तिला उत्तर आधी दिसायचं आणि मग हात त्याच्यामागे धावताना पडायचा, धडपडायचा, भलतीकडे जायचा. हे यादीत नव्हतं. यादीत जे होतं त्यातलं जवळचं मॅडमनी निवडलं होतं आणि चहा प्यायला गेल्या होत्या.

सुशील सर आत आले. मॅडमनी त्यांना दोन्ही कार्डं दाखवली. सर आधी आपल्या शीटची बाजू घेऊ लागले, की मॅडम, नोंद तर बरोबर आहे, अक्षर खराबच आहे न तिचं.

“बरोबर आहे. पण अक्षर खराब म्हणजे काय खराब, थे कोण सांगणार?” मॅडम म्हणाल्या. “तू डॉक्टरकडे गेला अन् त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं, तब्येत सुधारणे आवश्यक. तं काय करशील?”

सुशील सर हसले, आणि मग हसायचे थांबले. शीटमध्ये एक रिकामा रकाना देता येईल, वर्गशिक्षकाचं स्वतःचं वाक्य, पुढच्या सत्रापासून, असं ते आपणहून म्हणाले. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सत्राचं पुढं पाहू, अर्जाची मुदत या सत्रात संपते आहे.

मुख्याध्यापक कृष्णकांत सर सावध माणूस. कार्ड एकदा सही-शिक्का होऊन गेलं की ते शाळेचं कागदपत्र झालं, त्यात बदल करायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. एकाचं बदललं की उद्या दहा जण दारात उभे राहतील. शिवाय नोंदी सकारात्मक असाव्यात असं प्रशिक्षणात सांगतात, मॅडम आता नवीन काय लिहिणार याचीही त्यांना धाकधूक होती. मागे ‘उसनं घेतो पण परत करायला विसरतो’ यावरून त्या मुलाचा बाप भांडायला आला होता, त्याला ते सावकारीबद्दल वाटलं होतं.

मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितलं, की मी व्हाइटनर लावणार नाही आणि नवीन कार्डही मागणार नाही. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ, खालची ओळ वाचता येईल अशी. शेजारी नवीन नोंद, तिथं माझी सही आणि तारीख, त्याखाली तुमची सही. श्रेणीला हात लावणार नाही, ती तिच्या पेपराची आहे. “आणि दहा जण आले तर येऊ द्या सर,” त्या म्हणाल्या. “दहाही जणांचं लिहीन. माझ्या वर्गातली पोरं आहेत, मला येते त्यांच्याबद्दल लिहिता.”

कृष्णकांत सरांनी चष्मा काढून पुसला. हातानं लिहिणार का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर ते म्हणाले, बरं, पण हळू लिहा.

मॅडमचा निरोप मिळाल्यावर रितिकाचा बाप, जितेंद्र लांजेवार, शनिवारी आला. कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे तो लिहिण्याच्या कामावर होता. सकाळचा लिलाव आटपून सरळ आला होता, शर्टाच्या बाहीवर तुरीचा भुसा तसाच होता. उंच, अंगानं मजबूत, बोलायला हळू. वर्ग सुटलेला, बाकं रिकामी. रितिका पहिल्या बाकावर आईजवळ बसली होती आणि दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत होती.

मॅडमनी त्याला आधी बोलू दिलं. तो तक्रार घेऊन आला नव्हता. उलट त्यानं मॅडमचे आभारच मानले, की तुम्ही खरं लिहिलं. मग तो आपलं सांगू लागला. कळमन्यात तो आला तो पाठीवर पोती वाहायला. पोत्यांवर शेतकऱ्याचं नाव रंगानं लिहायचं काम एक दिवस दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्याच्याकडे आलं. शेठनं ती नावं पाहिली, विचारलं कोणी लिहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला गादीवर बसवलं. शेतकऱ्याला मालाची पट्टी आता तोच लिहून देतो. वजन, भाव, कपात, सगळं.

“मॅडम, मी दहावीबी काढली नाही,” तो म्हणाला. “मले माह्या अक्षरानं उचललं. पोरगी हुशार आहे का नाही, थे मले समजत नाही. अक्षर समजते. तिचा १ कोणता अन् ९ कोणता, मलेच समजत नाही. तिच्या हातची पट्टी असती तं शेतकरी मले बाजारात फिरू देता का?”

“नसता देत,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं बरोबर आहे. मी जे लिहिलं, तेच अर्धं होतं. आता बघा.”

त्यांनी एक कोरा कागद रितिकासमोर ठेवला. चारशे सात कट्टे, म्हणजे पोती, प्रत्येकात छत्तीस किलो, एकूण वजन किती. पेन उचलायच्या आधी त्यांनी तिला थांबवलं. आधी तोंडी.

रितिकानं बापाकडे पाहिलं. जितेंद्रनं मान हलवली.

“चारशे छत्तीस वेळा म्हणजे चौदा हजार चारशे,” ती म्हणाली, पहिल्यांदा हळू आणि मग भरभर. “अन् वरच्या सात कट्ट्यांचे दोनशे बावन्न. चौदा हजार सहाशे बावन्न किलो.”

जितेंद्रनं खिशातून मोबाईल काढला, आकडे दाबले आणि मोबाईल परत ठेवून दिला. पाय आखडते घेऊन तो बाकावर सरळ बसला.

“आता लिहून कर. तुझ्या नेहमीच्या स्पीडनं. सुबक-बिबक काही नको.”

रितिका वाकली. पेन धावलं. ४०७ खाली ३६. पहिली ओळ बरोबर आली. दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवून लिहायची असते. तिच्या डोक्यात ती सरकलेलीच होती, पण कागदावर आकडे तिरके उतरत गेले आणि ती ओळ पहिलीच्या बरोबर खाली जाऊन बसली. तिनं बेरीज केली. तीन हजार सहाशे त्रेसष्ट.

जितेंद्रनं कागद ओढून घेतला. “मेला नं इथं शेतकरी,” तो म्हणाला. “चौदा हजाराचे तीन हजार.”

काजलला हसू आलं. रितिकालाही, आणि मग तिनं स्वतःच कागद वळवून पाहिला. तोंडी आलेलं आणि लिहून आलेलं, दोन उत्तरं. तिच्या कपाळावर आठी पडली. चूक कुठं आहे ते तिला दिसत नव्हतं, कारण प्रत्येक आकडा बरोबरच होता.

मॅडमनी आता चौकटीच्या वहीचं पान दिलं. तेच गणित, तोच स्पीड, फक्त एका चौकटीत एकच आकडा. रितिकानं सुरुवात केली. दुसरी ओळ लिहिताना तिचा हात उजवीकडच्या चौकटीवर जरासा थबकला, तिथं तिनं फुली मारली आणि एक घर सोडून लिहिलं. चौदा हजार सहाशे बावन्न.

१ अजूनही ९ सारखाच दिसत होता. पण जागेवर होता.

“तिचं अक्षर वाईट आहे, हे खरंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण त्यात दोन गोष्टी आहेत. अक्षर दिसायला वाईट, ही एक. त्याला वेळ लागतो, रोज थोडं करू द्या, मराठीच्या वहीत. दुसरी, आकडा आपल्या घरात पडत नाही. तिचे मार्क त्यानं गेले, अ-२ त्यानं आलं. आणि ते या चौकटीनं आजपासून थांबते. पण तुम्ही दोन्ही एकदम सुरू केलं, तेही गणितात. ती आता आकड्याची शेपटी काढत बसते. तेवढ्यात तिच्या डोक्यातलं उत्तर निघून जाते.”

जितेंद्रनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पट्टीवर आमचेही रकाने छापलेलेच येतात, असं तो पुटपुटला. मग त्यानं मान वर केली आणि त्याला जे खरोखर विचारायचं होतं ते विचारलं.

“मॅडम, मंग रजतच्या कार्डावर तेच काहून?”

मॅडम या प्रश्नासाठीच थांबल्या होत्या. त्यांनी शीट, यादी, क्लिक, सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. रजत खरंच अचूक करतो, हेही सांगितलं. त्याच्या आजोबांना वाईट वाटू देऊ नका. त्याच्याबद्दलची ओळ त्याची आहे. तुमच्या पोरीच्या कार्डावर मात्र तिची ओळ नव्हती, दुसऱ्याचीच होती. ती आता लिहायची आहे, मुख्याध्यापकांना सांगून झालं आहे, आणि तुमच्यासमोर लिहायची म्हणून ठेवली होती.

त्यांनी कार्ड उघडलं, पट्टी ठेवली आणि छापील ओळींवर एक एक सरळ रेघ ओढली. मग पेन हातात घेतलं. रिकाम्या वर्गात सगळे त्या पेनकडे पाहत होते. मॅडमनी आयुष्यात इतकं हळू कधी लिहिलं नव्हतं. तरीही दुसऱ्या शब्दापासून अक्षरं रेलायला लागली. रितिका बाकावरून वाकून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग तिनं तोंडावर हात ठेवला.

“काहून हसून राहिली वं?” काजलनं तिला चिमटा काढला.

“मॅडमचं अक्षर माझ्यासारखं आहे,” रितिका म्हणाली.

“तुझ्यापेक्षा वाईट आहे,” मॅडम मान वर न करता म्हणाल्या. “म्हणूनच सांगते आहे. सुलेखनाच्या तासाला मागं जाऊन बसू नको.”

लिहून झालं. त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि कार्ड जितेंद्रसमोर सरकवलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि पट्टी तपासावी तसं, बोट ठेवत, मोठ्यानं वाचायला लागला.

“तोंडी गणित वर्गात सर्वांत आधी आणि बरोबर सोडवते. रीत स्वतः... स्वतः...” तो अडखळला. कार्ड जरा दूर धरलं. “मॅडम, हे काय आहे?”

“शोधते.”

“रीत स्वतः शोधते. डोकं पुढे जाते, हात मागे राहतो, म्हणून लेखी गणितात आकडे घर सोडतात. गणित चौकटीच्या वहीत सोडवू द्यावे. मराठी लेखनाचा रोज थोडा सराव सावकाश करावा. १ आणि ९ कडे आधी लक्ष द्यावे. शिष्यवृत्ती परीक्षेला जरूर बसवावे.”

तो थांबला. पहिल्या ओळीवर परत गेला आणि ती पुन्हा वाचली, या वेळी मनात.

“असं अजून कोणाच्या कार्डावर आहे?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “या वर्गात नाही. मागच्या कितीतरी वर्गांत नाही.”

जितेंद्रनं मान हलवली. मॅडमचं पेन मागून घेतलं आणि नव्या नोंदीच्या खाली, आपल्या आधीच्या सहीशेजारी, पुन्हा सही केली. पूर्ण नाव, काना काना सरळ, वेलांटी मोजून गोल. त्या एका सहीनं वरची सगळी नोंद आणखी वाकडी दिसायला लागली. मग त्यानं संमतिपत्र कुठं आहे ते विचारलं. मॅडमच्या टेबलावर ते भरून तयारच होतं, फक्त सहीची जागा रिकामी होती. त्यावरही त्यानं तशीच सही केली, तितकाच वेळ घेऊन.

जाताना दारात तो थबकला. जरा अवघडून म्हणाला, “मॅडम, एक बोलू? राग नका मानू. तुमचा ‘ध’ सुधारण्यासारखा आहे.”

“पुढच्या सत्रात पाहा,” मॅडम म्हणाल्या.

सोमवारी रितिकानं नवी वही आणली. दुकानातली चौकटीची वही तिच्या वडिलांना पटली नव्हती, चौकटी बारीक होत्या. त्यांनी रविवारी सकाळी साधी वही घेऊन पानापानावर स्वतः पट्टीनं चौकटी आखल्या होत्या, पोरीच्या हाताला पुरतील एवढ्या मोठ्या. वहीवर नाव त्यांनीच लिहिलं होतं, पोत्यावर लिहावं तसं, ठसठशीत.

मॅडमनी सतराच्या पाढ्यातलं एक मधलंच घर विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिसऱ्या बाकावरून उत्तर आलं.

“रितिका, तोंडावर बोट,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्याला येऊ दे.”

जादा तासाला त्यांनी तिची वही पाहिली. सगळे आकडे आपापल्या घरात होते. त्यांचे चेहरे मात्र अजून तसेच, कोणता १ आणि कोणता ९ ते आईबापालाही सांगता येऊ नये असे. मॅडमनी दोन ठिकाणी लाल गोल केला, सगळ्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली एक शब्द लिहिला. रितिकानं वही हातात घेतली, दूर धरली, जवळ धरली, आणि शेवटी उठून विचारायला आली, की मॅडम, हे काय लिहिलं आहे?

“घरी ने,” मॅडम म्हणाल्या. “तुझे पप्पा वाचतील.”